पिवळं कधी आलं

आंबेथरच्या नळाला औषधाचा वास यायला लागला तो दिवाळीनंतर. आधी कुणी फारसं बोललं नाही. मग बायका कुरकुरू लागल्या. चहाला वास, भाताला वास, तोंड धुतलं तरी नाकात वास. भार्गवीच्या कानावर गेलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "वास येतोय म्हणजे औषध पडतंय. उलट वास नसता तर मी घाबरले असते."

तिने असं म्हटल्यावर गाव गप्प बसलं. तिचा शब्द गावात चालत होता. काशीद मागे टाकून मुरूडकडे जाताना डाव्या हाताला जे आरोग्य उपकेंद्र लागतं, तिथली ती आरोग्य अधिकारी. सासर मुरूडला, पण माहेर इथलंच. बदलीच्या वेळी हट्टाने हेच गाव मागून घेतलं होतं तिने.

समुद्राच्या अंगाला तिच्या वडिलांची, गावाच्या यज्ञेश्वरकाकांची, नारळी-पोफळीची वाडी होती आणि वाडीत गोड्या पाण्याची विहीर. आजूबाजूच्या विहिरी वैशाखात मचूळ व्हायच्या, ही नाही. काकांनी ती गावच्या नळयोजनेला देऊन टाकली, काही न घेता. "समुद्राकाठी गोडं पाणी लागणं हे आपलं कर्तृत्व नाही, मग त्याला कुलूप कसलं लावायचं?" एवढंच म्हणाले होते. काका जाऊन चार वर्षं झाली. विहिरीचं पाणी पंपाने टेकाडावरच्या टाकीत चढायचं, पंचायतीचा मोरू रोज सकाळी टाकीत ब्लीचिंग पावडर कालवून ओतायचा आणि तासाभराने नळ सोडायचा.

वडिलांच्या मागे वाडी बघायची म्हणून भार्गवीचा धाकटा भाऊ श्रेयस पनवेलची नोकरी सोडून आला. त्याने वाडीत पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी मांडव्याला बोटीतून उतरलेली माणसं थेट त्याच्याकडे येऊ लागली. गावच्या पाणी समितीतही तो गेला. आणि दिवाळीच्या तोंडावर एक दिवस उपकेंद्रात येऊन बहिणीला म्हणाला, "ताई, पाणी तपासायचं मला शिकव. तुझ्याकडे तीन गावं आहेत, तू कुठे कुठे पळशील? आपली विहीर आहे, मी बघत जाईन."

भार्गवीला इतका आनंद झाला, की तिने हातातलं काम बाजूला सारलं. तपासणीची डबी उघडली, काचेची नळी काढली.

"ही खुणेपर्यंत नळाच्या पाण्याने भरायची. हे ऑर्थोटोलिडीन, आपण ओटी म्हणतो. याचे थेंब टाकायचे आणि हलवायचं. हाताला लावून घेऊ नकोस, वाईट औषध आहे. तपासलेलं पाणी विहिरीपाशी ओतायचं नाही. पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळं होतं. मग या पट्टीवरच्या रंगाशी ताडून बघायचं."

"किती पिवळं हवं?"

"टाकीत निदान अर्धा पीपीएम. घातलेला नव्हे, उरलेला. पाण्यात घाण असते ना, ती क्लोरीन खाते. खाऊन जो उरतो तो आपला राखणदार. तो नळापर्यंत पाण्यासोबत जातो."

"आणि बघायचं कधी? लगेच, का थोडं थांबून?"

प्रश्न इतका नेमका होता, की भार्गवीने कौतुकाने त्याच्याकडे पाहिलं. "लगेच. दहा सेकंदांत. लगेच येतो तो मोकळ्या क्लोरीनचा रंग. नंतर हळूहळू चढतो तो बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा."

"म्हणजे?"

"मलमूत्रात अमोनिया असतो. त्याच्याशी क्लोरीनने गाठ मारली की तो असून नसल्यासारखा. वास मारतो, नळी पिवळी करतो, पण जंतू मारायची ताकद त्याच्यात फारशी राहत नाही. म्हणून उशिराचं पिवळं धरायचं नाही. समजलं?"

"उशिराचं पिवळं धरायचं नाही," श्रेयस म्हणाला.

जादा होती ती डबी तिने त्याला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्याचा फोटो येऊ लागला. वाडीच्या नळाशी धरलेली नळी आणि नळीत छान लिंबासारखं पिवळं पाणी. भार्गवी तो गावच्या ग्रुपवर पुढे धाडायची. खाली लिहायची, 'आजचं पाणी पिण्यायोग्य.' ती स्वतः तपासायला जाई ती दुसऱ्या दोन गावांत. आंबेथरची काळजी तिच्या डोक्यावरून उतरली होती. आईला, गोदावरीबाईंना, ती म्हणाली होती, "बाबांचं काम श्रेयसने हाती घेतलंय गं." आई नारळ खवत राहिली होती.

शिमग्याच्या सुमाराला खालच्या आळीत दोघांना कावीळ झाली. पुरुषमाणसं, बाहेर खाणारी. बाहेरचं काही खाल्लं असेल, असं सगळे म्हणाले आणि भार्गवीही म्हणाली. मग तिसरी कावीळ झाली ती केसरला, आणि केसर उंबऱ्याबाहेर न जाणारी, सातवा महिना लागलेली बाई.

केसर ही बायजाची सून. बायजाने सगळं आयुष्य भार्गवीच्या माहेरच्या वाडीत काढलेलं. सुपाऱ्या सोलल्या, झावळ्या विणल्या, लहान भार्गवीला कडेवर घेऊन समुद्र दाखवला. आता ती श्रेयसच्या खोल्यांतल्या चादरी धुवायची. तिचा निरोप आला तशी भार्गवी स्कूटर काढून गेली.

केसर ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. उजेडात तिचे डोळे हळदीसारखे दिसत होते. गरोदरपणातली कावीळ कशी उलटते ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"पाणी कुठलं पितेस?"

"नळाचं. दुसरं कुठलं असनार ताई?"

"उकळून?"

केसर गोंधळली. "तुम्ही रोज टाकता ना, प्यायचं म्हणून."

सवयीने भार्गवीने डबी काढली. अंगणातल्या नळाचं पाणी नळीत भरलं, ओटी टाकली, हलवलं. नळीतलं पाणी तसंच राहिलं. पांढरं स्वच्छ. तिला वाटलं, थेंब कमी पडले. नळी ओसरीच्या कठड्यावर उभी करून ती केसरकडे वळली. नाडी पाहिली, पोट तपासलं, बाळाचे ठोके ऐकले, लघवीचा रंग विचारला, अलिबागला न्यायला गाडी सांगितली. बायजाला पिशवी भरायला सांगून परत कठड्याशी आली, तर नळी पिवळी झाली होती. छान लिंबासारखी.

भार्गवी तिथेच उभी राहिली.

तिने पुन्हा नळी भरली. या वेळी नजर हलवली नाही. दहा सेकंद गेले, काही नाही. मग अगदी सावकाश, कुणी लांबून हळद सोडत असावं तसा रंग चढू लागला. मघाइतका पिवळा व्हायला त्याला पाव तास लागला.

ती टेकाडावर मोरूकडे गेली. मोरू टाकीपाशीच होता.

"पावडर किती टाकतोस?"

"पहिल्यापेक्षा दुप्पट, ताई."

"कुणी सांगितलं?"

"श्रेयसदादांनी. तुमचाच निरोप हाय म्हनाले. दिवाळीपासनं टाकतोय." मोरूने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "तुमचा निरोप नव्हता?"

ती टेकाड उतरली. दुप्पट पावडर घालूनही मोकळा क्लोरीन औषधालाही उरत नाही, म्हणजे विहिरीत खाली काहीतरी सतत मिसळतंय. एखादं मेलेलं जनावर नाही, रोजचं काहीतरी. खोल्यांचं सांडपाणी म्हणावं, तर मैल्याची टाकी वाडीच्या पश्चिमेला, सुरूच्या झाडांपलीकडे घेतली होती. विहिरीपासून पार दुसऱ्या टोकाला. बांधकामाच्या वेळी तिनेच ती अट घातली होती आणि श्रेयसने जागा हाताने दाखवली होती.

ती परत आली तेव्हा गाडी आली होती. केसरला आत बसवताना तिने बायजाला विचारलं, "बायजामावशी, वाडीतल्या खोल्यांची मैल्याची टाकी कुठे आहे गं?"

"टाकी? ती गोठ्यामागं न्हाय का, हिरीच्या अंगाला." बायजा सुनेच्या पाठीमागे उशी सारत होती. "आधी सुरूंकडं खनली हुती. पन भरती आली की खड्ड्यात पानी. गवंडी म्हनला, हितं न्हाय जमायचं. मग हिकडं घेतली. तुला न्हाय ठावं?"

"नाही."

"आता बग, मला वाटलं तुला इचारूनच केलंय."

गाडी अलिबागच्या रस्त्याला लागली. भार्गवी वाडीत शिरली. गोठ्यामागे नवी सिमेंटची झाकणं होती. त्यांच्यावर जास्वंदीच्या कुंड्या मांडून ठेवलेल्या. तिथून विहिरीचा कठडा इतका जवळ होता, की कुणी कुंडीला पाणी घालताना हात लांबवला असता तर ते विहिरीत पडलं असतं. खाली सगळी पुळणीची जमीन. त्यात मुरलेलं कुठे जाणार, ते विचारायला नको होतं.

श्रेयस पडवीत पाहुण्यांच्या जेवणाचा हिशोब करत बसला होता. ताईला बघून उठला. "अगं, फोन तरी करायचास. आई, ताई आलीय!"

"तुझी डबी आण," भार्गवी म्हणाली.

"कसली?"

"ओटीची. तपासून दाखव मला."

त्याने डबी आणली. नळी भरली, थेंब टाकले, सराईतासारखी हलवली. हात स्वच्छ, काम नीटनेटकं. तिनेच शिकवलेलं. मग नळी कठड्यावर ठेवून तो म्हणाला, "बस ना. उन्हातनं आलीस. आई कोकम करतेय."

"काय रंग आहे?"

"येईल ना. थांब जरा."

बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. भार्गवी त्याच्याकडे बघत होती. नळीत पांढरं पाणी होतं.

"लगेच बघायचं असतं," ती म्हणाली. "मी तुला सांगितलं होतं. तू माझ्यामागून म्हणाला होतास."

श्रेयस खुर्चीत बसला.

"खोल्या सुरू झाल्या आणि आठ-पंधरा दिवसांत कळलं मला. आधी लगेच यायचं पिवळं. मग उशिरा यायला लागलं. मला वाटलं, पावडर वाढवली की होईल. वाढवली तरी तेच." त्याने वर पाहिलं. "ताई, सगळं बुकिंग होतं गं. बँकेचा हप्ता होता. टाकी हलवायची म्हणजे खोल्या बंद करायच्या. मे महिना संपला की हलवणारच होतो. शप्पथ."

"आणि फोटो?"

"फोटो खोटा एकही नाही."

"नाही," भार्गवी म्हणाली. "पिवळा होईपर्यंत थांबायचास आणि मग काढायचास. मी लोकांना प्या म्हणून लिहायचे. तुझ्या फोटोखाली माझं नाव होतं, श्रेयस."

"तुझ्या नावावर काही येणार नाही, मी बघतो ना ते. आत्ता कुठे बोलू नकोस फक्त. दोन महिने दे. मी आजपासून पावडर आणखी..."

"केसरला अलिबागला पाठवलंय. कावीळ आहे. सातवा महिना."

तिला वाटलं, आता हा उठेल, पंप तरी बंद करेल. तो उठला नाही. कठड्यावरची नळी पिवळी होत चालली होती. तिच्याकडेही त्याने पाहिलं नाही.

आई कोकमाचा पेला घेऊन दारात उभी होती. सगळं ऐकलेलं दिसत होतं. पेला भार्गवीपुढे धरत म्हणाली, "घे. घसा कोरडा पडलाय तुझा."

"कुठल्या पाण्याचं आहे?"

"जारचं."

पाहुण्यांसाठी रोज पाण्याचे जार येत, हे भार्गवीला माहीत होतं. बाटल्यांतलं पाणी लागतं त्या लोकांना, असं श्रेयस म्हणाला होता. तिने आईकडे बघून विचारलं, "तू कुठलं पितेस, आई?"

गोदावरीबाईंनी पेला हातातच ठेवला.

"तू कुठलं पितेस?"

"जारचंच," आई म्हणाली. "त्याने सांगितलं म्हणून. मला त्यातलं काय कळतं? म्हणाला, थोडे दिवस नळाचं नको. मी विचारलं नाही." मग एकदम तिचा आवाज चढला. "पण तुला मी एक घोट तरी नळाचं दिलंय का सांग. दिवाळीपासून जेव्हा जेव्हा आलीस तेव्हा चहासुद्धा जारच्या पाण्याचा केलाय. शहाळं दिलंय. तुझा काय अपराध केला मी?"

असं म्हणताना तिचे डोळे भरून आले होते. तिला खरंच वाटत होतं की आपण लेकीला जपलं. भार्गवीला आजवर कुणी इतकं लागेलसं बोललं नव्हतं. श्रेयसने फसवलं ते खोल्यांपायी, ते तिला कळत होतं, त्याचा राग करता येत होता. आईचं काय करावं ते तिला कळेना. बायजा परसात चादरी धुताना नळालाच ओंजळ लावून प्यायची. आई रोज ते बघत होती आणि आत येऊन जारच्या पाण्याचा चहा करत होती.

"बायजामावशीला तरी सांगायचंस," ती म्हणाली.

"तिला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं," आई म्हणाली.

भार्गवी पडवीतून उतरली, पंपाच्या खोपीत गेली आणि खटका पाडला. बाहेर येऊन तिथेच उभं राहून तिने मोरूला फोन केला, टाकीचा नळ सोडू नको. मग सरपंचांना, मग प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना. श्रेयस मागून आला होता. "ताई, बाबांची विहीर आहे ही," तो म्हणाला. "बंद पडली तर पुन्हा कुणी सुरू करणार नाही."

"होय," ती म्हणाली आणि डॉक्टरांना मैल्याच्या टाकीची जागा सांगत राहिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, पाण्याचे नमुने गेले. तपासणीत मैल्याचे जंतू निघाले. डॉक्टर सरपंचांना म्हणाले, "पावडर वाढवून हे झाकलं जाईल, बरं होणार नाही. मूळ काढा." खोल्यांना कुलूप लागलं, मैल्याची टाकी उपसली, विहिरीचं पाणी पिण्याला बंद झालं, टँकर सुरू झाला. आरोग्यसेविका घरोघर पाणी उकळायला सांगत फिरल्या. कावीळ आणखी नऊ घरांत निघाली. त्यातली बहुतेक माणसं पडून पडून बरी झाली.

केसरचं बाळ गेलं. अलिबागहून तिला मुंबईला हलवावं लागलं होतं. तिथे ती चार दिवस शुद्धीवर नव्हती. वाचली एवढंच.

पंचायतीने सभा बोलावली. भार्गवीने काय घडलं ते उभं राहून सांगितलं, भावाचं नाव घेऊन सांगितलं. तिला वाटलं होतं, हे बोलणं सर्वांत अवघड जाईल. पण अवघड पुढेच होतं. खालच्या आळीतला एकजण उठला, खिशातून मोबाइल काढला आणि ग्रुपवरचे तिचे निरोप मोठ्याने वाचू लागला. 'आजचं पाणी पिण्यायोग्य.' तारीख. 'आजचं पाणी पिण्यायोग्य.' तारीख. कुणी त्याला थांबवलं नाही. शेवटी तो म्हणाला, "घर एक, विहीर एक, आणि हिला ठाऊक नव्हतं म्हनते."

बायजा मागे भिंतीपाशी उभी होती. भार्गवीने तिच्याकडे पाहिलं. एक शब्द बोलेल असं वाटलं. बायजाने पदर तोंडावर घेतला आणि ती बाहेर निघून गेली.

भार्गवीची खात्यात चौकशी झाली. स्वतः तपासलं का नाही, असं विचारलं. भावावर विश्वास ठेवला, असं तिने सांगितलं. साहेबांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला. बदली हवी का, असंही विचारलं. ती नको म्हणाली. नवरा चिडला, हे काय आता, रोज शिव्या खायला जायचं का? तिला त्याला पटवता आलं नाही, ती जात राहिली. आता आंबेथरला टँकर आला की ती स्वतः नळी भरायची, सगळ्यांसमोर, आणि घड्याळ बघत मोठ्याने रंग सांगायची. लोक पाणी भरत राहायचे. कुणी तिच्याकडे बघायचं नाही.

माहेरी ती गेली नाही. श्रेयसवर खटला उभा राहिला, तो वकिलांकडे खेपा घालत होता. आईचे फोन येत. जेवलीस का, एवढंच विचारून ठेवून देई. भार्गवी जेवले म्हणायची.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा केसरच्या तपासणीची पाळी आली. ती मुंबईहून परतून महिना झाला होता. एखाद्या सेविकेला धाडता आलं असतं. भार्गवी स्वतः गेली. बायजा अंगणात सुकत घातलेले बोंबील फिरवत होती. तिला बघून तिने पाठ केली, पण दार अडवलं नाही.

केसर आत खाटेवर बसली होती. डोळ्यांतला पिवळेपणा ओसरला होता, चेहरा मात्र खूप मोठ्या बाईसारखा झाला होता. भार्गवीने रक्तदाब घेतला, नखं पाहिली, भूक लागते का विचारलं. केसरने सगळ्याची उत्तरं दिली. मग हातावरचा पट्टा सुटल्यावर म्हणाली, "ताई, एक इचारू? तुम्हाला खरंच ठावं नव्हतं?"

"नव्हतं."

"सासूबाई म्हनतात, व्हतं. सख्खी आई सांगनार न्हाय असं व्हईल का, म्हनतात."

भार्गवीने पट्ट्याची गुंडाळी केली. सांगण्यासारखं खूप होतं. नळीचं, फोटोंचं, जारच्या चहाचं. त्यातलं काही सांगितलं तरी ते आपल्याच बाजूचं होणार, हे तिला दिसत होतं.

"नव्हतं," ती पुन्हा म्हणाली.

केसर दारातून बाहेर बघत होती, सासूच्या पाठीकडे. "मी म्हनते, नव्हतं," ती म्हणाली. "पन ताई, ते मला रोज सकाळी उठून नव्यानं म्हनावं लागतं. कंदी म्हनाया जमतं, कंदी न्हाय."

"चालेल," भार्गवी म्हणाली. लोहाच्या गोळ्या तिने खाटेवर ठेवल्या, कधी घ्यायच्या ते सांगितलं, आणि पिशवी उचलून पुढच्या घराकडे निघाली.